रील आणि शॉर्टला हॅशटॅग किती, कुठे आणि कोणते : नवख्यांसाठी पायरीपायरीने

इन्स्टाग्रामच्या रीलला तीन ते पाच आणि युट्यूबच्या शॉर्टला दोन ते तीन हॅशटॅग पुरेसे असतात. रीलमध्ये ते कॅप्शनच्या शेवटी लिहावेत. शॉर्टमध्ये ते वर्णनात लिहावेत आणि शीर्षकात फार तर एक ठेवावा. घाईत असलेल्या वाचकाचे काम एवढ्यावर भागू शकेल. मात्र या तीन-चार जागांवर नेमके कोणते शब्द बसवायचे आणि जागा शिल्लक असतानाही ती मोकळी का सोडायची, हे कळल्याशिवाय या आकड्यांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून पुढे एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेले आहे.

समजा, बडोद्यातल्या दांडिया बाजार भागात एक बाई घरच्या घरी शिवलेली नऊवारी तयार करून देतात. गिऱ्हाईक आपले लुगडे आणून देते, किंवा माप कळवून त्यांच्याकडूनच कापड घेते. त्या कासोटा आणि निऱ्या कायमच्या शिवून देतात, त्यामुळे ती नऊवारी सलवारीसारखी पायांत चढवून दोन मिनिटांत नेसता येते. शहरातल्या मराठी घरांखेरीज नृत्याच्या वर्गांतल्या गुजराती मुलीही त्यांच्याकडे येतात आणि सुरत-अहमदाबादहून कुरिअरने मागणीही येते. त्यांच्या भाच्याने शिवलेली नऊवारी नेसण्याचा पस्तीस सेकंदांचा उभा व्हिडिओ काढला. कॅप्शनच्या वेळी तो म्हणाला, “आत्या, सगळेच हॅशटॅग टाकून देऊ, कुठला तरी लागेलच.” आणि त्याने मोबाईलच्या नोंदवहीत जपून ठेवलेली यादी चिकटवली. तिच्यात #viral, #trending, #explorepage, #fyp, #love, #fashion, #saree, #india, #marathi, #gujarat असे वीसपंचवीस शब्द होते.

आज ही यादी इन्स्टाग्राम मुळात स्वीकारणारच नाही. पूर्वी एका पोस्टला तीस हॅशटॅगांची मुभा होती. डिसेंबर २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने पोस्ट आणि रील या दोहोंसाठी ही मर्यादा पाचवर आणल्याचे जाहीर केले. मोजके आणि नेमके हॅशटॅग हे भाराभर ढोबळ हॅशटॅगांपेक्षा अधिक उपयोगी पडतात, असे कारण कंपनीने दिले. हा सल्ला काही नवा नव्हता, कारण तीन ते पाचच लावा असे तिने २०२१ मध्येच सांगितले होते. तरीही “तीसच्या तीस भरा” असे सांगणारे जुने व्हिडिओ आजही फिरत असतात आणि नवखा माणूस नेमका त्यांच्याच हाती लागतो. त्या सल्ल्याला एकेकाळी थोडा आधार होता. हॅशटॅगच्या पानावर नव्या पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसत असत आणि लोक एखादा हॅशटॅग फॉलोही करत असत, त्यामुळे जितके हॅशटॅग तितक्या खिडक्या उघडत. डिसेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने हॅशटॅग फॉलो करण्याची सोय काढून टाकली. आता बहुतेक रील लोकांपुढे येतात त्या ॲपने स्वतः निवडून पुढे केलेल्या असतात, हॅशटॅगचे पान उघडून सापडलेल्या नसतात. हॅशटॅगचे काम त्यामुळे बरणीवर चिकटवलेल्या चिठ्ठीइतके उरले आहे. आत काय आहे, ते चिठ्ठी सांगते. गिऱ्हाईक बोलावणे हे तिचे काम नव्हे.

पहिली पायरी : हॅशटॅगच्या आधी एक वाक्य लिहा

मोबाईल बाजूला ठेवून कागदावर एकच वाक्य लिहावे. हा व्हिडिओ कोणी पाहिला तर आपला हेतू साधेल आणि त्या माणसाने शोधायचे ठरवले तर तो कोणते शब्द टंकित करेल, एवढेच त्या वाक्यात असावे. आपल्या उदाहरणात ते वाक्य असे होईल : “बडोद्यातली किंवा जवळपासची एखादी मुलगी, जिला लग्नात, हळदीकुंकवाला किंवा नाचाच्या कार्यक्रमात नऊवारी नेसायची आहे पण नेसता येत नाही, ती ‘शिवलेली नऊवारी’, ‘रेडीमेड नऊवारी’ किंवा ‘नऊवारी साडी बडोदा’ असे शोधेल.”

हे वाक्य लिहिले की भाच्याच्या यादीतले बहुतेक शब्द आपोआप गळतात, कारण अशी मुलगी ‘लव्ह’ किंवा ‘इंडिया’ असे शोधणार नाही. #viral किंवा #trending हे तर व्हिडिओत काय आहे याविषयी काहीच सांगत नाहीत. आपल्याला काय हवे आहे तेवढेच ते सांगतात, आणि त्याच्याशी पाहणाऱ्याचे देणेघेणे नसते. #fyp ची गोष्ट तर गमतीची आहे. हा हॅशटॅग टिकटॉकच्या ‘फॉर यू’ पानावरून आला. टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली, इन्स्टाग्रामवर त्या नावाचे पानच नाही, पण हॅशटॅग मात्र सवयीने चिकटवला जातो आहे.

दुसरी पायरी : प्रत्येक शब्दाचे पान उघडून पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण वेळ खर्चावा तो इथेच. इन्स्टाग्रामच्या शोधचौकटीत हॅशटॅग लिहावा, त्याचे पान उघडावे आणि वर दिसणारे नऊ-दहा व्हिडिओ लक्षपूर्वक पाहावेत. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा : या व्हिडिओंच्या ओळीत आपला व्हिडिओ ठेवला, तर तो त्यांच्यातलाच वाटेल का?

#saree चे पान उघडले तर तिथे देशभरातल्या दुकानांच्या रेशमी साड्या, नट्यांची छायाचित्रे, लग्नातल्या मेकअपचे व्हिडिओ असा समुद्र दिसेल. आपला व्हिडिओ तिथे चुकीचा ठरत नाही, पण त्या गर्दीत तो कोणाच्या हाती लागणार नाही. #fashion बद्दल तर बोलायलाच नको. याउलट #nauvarisaree चे पान उघडले की नऊवारी नेसलेल्या नवऱ्यामुली, शिवून देणाऱ्या बायका आणि नेसण्याच्या पद्धती दाखवणारे व्हिडिओ एकापाठोपाठ दिसतात. आपला व्हिडिओ तिथे शोभतो, आणि ते पान उघडणारी व्यक्ती बहुधा आपल्याच कामाची असते.

पान उघडल्याचे आणखी दोन फायदे आहेत. काही शब्द वरकरणी निरुपद्रवी असतात, पण त्यांच्या पानावर भलत्याच गोष्टी भरलेल्या असतात, किंवा गैरवापरामुळे इन्स्टाग्रामने त्या पानावरचे निकाल झाकलेले असतात आणि तशी सूचना तिथे दिसते. असा हॅशटॅग आपल्या व्हिडिओला लावू नये. दुसरे असे की, ज्यांचे काम आपल्यासारखे आहे अशांनी कोणते शब्द वापरले आहेत, हेही तिथे दिसते. त्यांची यादी जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही, पण आपल्याला न सुचलेला एखादा नेमका शब्द सापडू शकतो. आपल्या उदाहरणात तसा शब्द सापडला तो #readymadenauvari हा. आत्या स्वतःच्या कामाला ‘शिवलेली’ म्हणतात, गिऱ्हाईक मात्र ‘रेडीमेड’ म्हणते. हॅशटॅग गिऱ्हाईक जे म्हणते त्यावर ठरवावा.

पोस्टांची संख्या किती असावी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. हॅशटॅग लिहू लागताच ॲप खाली सूचना दाखवते आणि त्या शब्दावर आजवर किती पोस्ट आहेत तेही सांगते. त्या आकड्याचा ठरावीक नियम नाही. दहा पोस्टांचा शब्द म्हणजे तो कोणी शोधतच नसावे आणि कोट्यवधी पोस्टांचा शब्द म्हणजे आपण त्यात दिसेनासे होणार, इतकेच समजून घ्यावे. दोन्ही टोके टाळून मधला, पण आपल्या विषयाला चिकटलेला शब्द निवडावा. शहराच्या नावाचा हॅशटॅग याला अपवाद आहे. तो लहान असला तरी ठेवावा, कारण शिलाईचा व्यवसाय मुख्यतः मापे घेण्याच्या अंतरावर चालतो.

तिसरी पायरी : स्पेलिंग आणि लिपी

मराठी माणसाच्या हॅशटॅगांचा घोटाळा बहुतेक वेळा इथे होतो, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत याविषयी अर्थातच काही सापडत नाही. हॅशटॅग म्हणजे अक्षरांची एक अखंड मालिका. एक अक्षर बदलले की यंत्राच्या लेखी तो वेगळा शब्द होतो. #नऊवारी आणि #नववारी ही दोन वेगळी पाने आहेत. #nauvari आणि #navvari ही आणखी दोन. #बडोदा, #वडोदरा, #Baroda आणि #Vadodara ही चार. इंग्रजीतली लहान-मोठी लिपी मात्र एकच धरली जाते, त्यामुळे #nauvarisaree आणि #NauvariSaree यांत फरक पडत नाही. दुसऱ्या प्रकारे लिहिलेला वाचायला सोपा जातो एवढेच.

ही सगळी रूपे एकाच व्हिडिओला लावून मोकळे व्हावे असे वाटते, आणि पाच जागा तिथेच संपतात. त्याऐवजी आपले गिऱ्हाईक कोणत्या लिपीत टंकित करते याचा विचार करावा. बडोद्यातल्या मराठी घरांत मुले अनेकदा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली असतात. घरात मराठी बोलणारी मुलगीही मोबाईलवर बहुधा रोमन अक्षरांतच शोधते, आणि नृत्यवर्गातली गुजराती मुलगी तर देवनागरीत ‘नऊवारी’ लिहिण्याची शक्यता फारच कमी. म्हणून मुख्य शब्द रोमन लिपीत ठेवावा आणि एक देवनागरी हॅशटॅग मराठी वाचकासाठी राखावा. उरलेली रूपे कॅप्शनच्या वाक्यांत सहज आणता येतात. “बडोद्यात घरपोच” असे वाक्यात लिहिले आणि शहराचा हॅशटॅग #Vadodara ठेवला, तर दोन्ही नावे त्या व्हिडिओसोबत राहतात आणि जागा मात्र एकच खर्च होते. शोध कॅप्शनमधल्या साध्या शब्दांवरही चालतो, हे लक्षात ठेवले की हॅशटॅगांवरचा पुष्कळ भार हलका होतो.

देवनागरीत आणखी एक छुपी अडचण आहे. ‘निऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्य’ काही कळफलकांवर नुक्त्याच्या ‘ऱ’ पासून तयार होतो, तर काहींवर साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह यांपासून. दोन्ही दिसायला एकसारखे, पण आतली अक्षरमालिका वेगळी. अशा अदृश्य चिन्हापाशी हॅशटॅग तुटण्याचाही संभव असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : प्रकाशित झाल्यावर हॅशटॅग जिथपर्यंत निळा किंवा ठळक दिसतो, तिथपर्यंतच तो जिवंत असतो. अर्धा शब्द निळा आणि अर्धा साधा दिसला, तर तो तुटला आहे. हीच गत मोकळी जागा, जोडरेघ, पूर्णविराम किंवा अवतरणचिन्ह मध्ये आल्यावर होते. #शिवलेली नऊवारी असे लिहिले तर हॅशटॅग फक्त #शिवलेली एवढाच होतो, आणि त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. शब्द जोडून #शिवलेलीनऊवारी असे लिहावे, किंवा मध्ये अधोरेघ द्यावी. शक्य असेल तेव्हा पूर्ण शब्द स्वतः टंकित न करता, पहिली अक्षरे लिहून ॲपने दाखवलेल्या सूचनेतूनच निवडावा, म्हणजे आधीपासून वापरात असलेलेच रूप हाती येते.

चौथी पायरी : अखेरची निवड

आता निवडलेले शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहावे आणि प्रत्येकाला वेगळे काम आहे की नाही ते तपासावे. दोन शब्द एकच काम करत असतील तर त्यांतला एक काढावा. आपल्या उदाहरणात ही चौकट उरते :

```
#NauvariSaree #ReadymadeNauvari #शिवलेलीनऊवारी #Vadodara
```

पहिला वस्तू सांगतो. दुसरा त्या वस्तूचा नेमका प्रकार, तोही गिऱ्हाइकाच्या तोंडचा. तिसरा तोच प्रकार मराठीत सांगतो. इथे अर्थाची पुनरुक्ती आहे हे खरे, पण शोधणारा वेगळा असल्यामुळे ती मान्य करावी. चौथा जागा सांगतो. पाचवी जागा रिकामी आहे आणि ती रिकामी राहिली तरी बिघडत नाही. व्हिडिओ गुढीपाडव्याच्या आधी टाकायचा असेल तर ती जागा #गुढीपाडवा ला देता येईल, मात्र व्हिडिओत पाडव्याचा संबंध दिसत असेल तरच. नुसता सण जवळ आला म्हणून तो शब्द जोडला, तर पाडव्याची रांगोळी शोधणाऱ्यापुढे शिलाईचा व्हिडिओ येतो आणि तो अंगठा वर सरकवतो.

पाचवी पायरी : कुठे लिहावेत

रील पाहताना कॅप्शनची पहिली ओळ, तीही अर्धीमुर्धी दिसते आणि उरलेला मजकूर दाबल्यावर उघडतो. ती पहिली ओळ हॅशटॅगांवर खर्च करणे म्हणजे मोक्याची जागा वाया घालवणे होय. पहिल्या ओळीत माणसाशी बोलणारे वाक्य असावे, मग एकदोन ओळींत आवश्यक माहिती आणि शेवटी वेगळ्या ओळीवर हॅशटॅग. उदाहरणार्थ :

```
नऊवारी नेसता येत नाही? ही दोन मिनिटांत नेसून होते.
कंबर, सीट आणि उंचीचे माप पाठवा; बडोद्यात घरपोच, बाहेरगावी कुरिअरने.
#NauvariSaree #ReadymadeNauvari #शिवलेलीनऊवारी #Vadodara
```

हॅशटॅग पहिल्या प्रतिक्रियेत लपवण्याची पद्धत अनेकांनी उचलली आहे, कारण त्यामुळे कॅप्शन स्वच्छ दिसते. परंतु शोधात सापडायचे असेल तर शब्द आणि हॅशटॅग कॅप्शनमध्ये लिहा, प्रतिक्रियेत नव्हे, असे इन्स्टाग्रामनेच २०२१ मध्ये शोधयंत्रणेविषयी लिहिताना स्पष्ट केले होते. चारच हॅशटॅग असतील तर लपवण्यासारखे तरी काय उरते? काही जण व्हिडिओच्या चित्रावरच मोठ्या अक्षरांत हॅशटॅग लिहितात. तो केवळ चित्राचा भाग असतो, दाबल्यावर त्याचे पान उघडत नाही. शिवाय खालच्या भागावर खात्याचे नाव आणि कॅप्शन, तर उजव्या कडेला बटणे येतात, त्यामुळे तो निम्मा झाकलाही जातो. चित्रावर लिहायचेच असेल तर ‘कंबर, सीट, उंची : तीनच मापे’ असे उपयोगाचे लिहावे, तेही मधल्या भागात.

आणखी एक साधी तपासणी : खाते खासगी असेल तर हॅशटॅग कितीही अचूक असले तरी व्हिडिओ फक्त आपल्या फॉलोअरांनाच दिसतो. घरगुती खात्यावरून व्यवसाय सुरू करणाऱ्या बायकांच्या बाबतीत हे वारंवार घडते.

युट्यूब शॉर्टची रचना थोडी वेगळी आहे. तिथे शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा असते, आणि व्हिडिओवर त्यातले सुरुवातीचेच शब्द दिसतात. म्हणून शीर्षकात “शिवलेली नऊवारी दोन मिनिटांत कशी नेसावी” असे शोधण्याजोगे वाक्य लिहावे, आणि हॅशटॅग ठेवायचाच असेल तर एकच, तोही शेवटी. बाकीचे वर्णनात जावेत. मोबाईलवरून टाकताना वर्णन राहून गेले, तर नंतर युट्यूब स्टुडिओच्या ॲपमधून ते भरता येते. वर्णनात कितीही हॅशटॅग असले तरी शीर्षकाजवळ युट्यूब त्यांतले जास्तीत जास्त तीनच दाखवते, म्हणून तीनच्या पुढे जाण्यात फारसे हशील नाही. आणि एका व्हिडिओवर साठपेक्षा अधिक हॅशटॅग असतील तर युट्यूब त्यांतल्या एकाचाही विचार करत नाही. विषयाशी संबंध नसलेले हॅशटॅग लावणे हे तिथे नियमांचे उल्लंघन समजले जाते आणि त्यापायी व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो.

#Shorts लावलाच पाहिजे, हा समज आता सोडून द्यावा. व्हिडिओ उभा किंवा चौरस आहे आणि तीन मिनिटांच्या आत आहे, यावरून युट्यूब त्याला शॉर्ट ठरवते. ही तीन मिनिटांची मर्यादा १५ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली, त्याआधी ती एक मिनिटाची होती. तसेच स्टुडिओत ‘टॅग’ नावाची जी वेगळी चौकट असते, तिचा हॅशटॅगशी संबंध नाही. ते शब्द पाहणाऱ्याला दिसत नाहीत आणि त्यांचा उपयोग मुख्यतः लोक ज्यांचे स्पेलिंग नेहमी चुकवतात अशा नावांपुरता आहे. ‘नऊवारी’ची रोमन लिपीतली चार-पाच रूपे भरायची असतील तर ती या चौकटीत भरावीत. हॅशटॅगांत त्यांची गर्दी करू नये.

जास्त लावल्याने नेमके काय बिघडते

जास्त हॅशटॅग लावणारा माणूस मनात एक हिशेब करत असतो. एका शब्दाने दहा माणसे आली तर वीस शब्दांनी दोनशे येतील. हा हिशेब फसतो तो व्हिडिओ पुढे कसा सरकतो हे नीट न पाहिल्यामुळे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले की, व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला, पाहणाऱ्यांपैकी कितींनी पसंत केला आणि कितींनी तो दुसऱ्याला पाठवला, हे तीन संकेत सर्वांत महत्त्वाचे असतात. त्यातही, आपल्याला फॉलो न करणाऱ्या लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी दुसऱ्याला पाठवण्याचे वजन अधिक असते. हॅशटॅग या तिघांत नाहीत. हॅशटॅगांमुळे पोहोच फारशी वाढत नाही, हे मोसेरी यांनी वेगळेही अनेकदा सांगितले आहे.

आता हे आपल्या उदाहरणाला लावून पाहू. #love किंवा #india या शब्दांतून चुकून आलेला माणूस नऊवारीच्या शोधात नसतो. तो दोन सेकंदांत पुढे सरकतो, पसंत करत नाही आणि कोणाला पाठवतही नाही. पाहणाऱ्यांत अशांचे प्रमाण जितके वाढेल, तितके ते तिन्ही संकेत खाली येतात. उलट लग्न ठरलेली एखादी मुलगी तो व्हिडिओ पुन्हा मागे घेऊन पाहते, आईला पाठवते, माप कसे द्यायचे ते विचारते. अशा दहा मुली शंभर अनोळखी डोळ्यांपेक्षा व्हिडिओला अधिक पुढे नेतात, आणि मागणीही त्यांच्याकडूनच येते.

दुसरे नुकसान अर्थाचे आहे. यंत्र चित्र, आवाज, कॅप्शन अशा अनेक गोष्टींवरून व्हिडिओचा विषय ओळखते, हॅशटॅग हा त्यांतला एक लहानसा इशारा असतो. चारही इशारे नऊवारीकडे बोट दाखवत असतील तर तो स्पष्ट असतो. प्रेम, देश, फॅशन आणि साडी अशी चार दिशांना बोटे असतील, तर त्या इशाऱ्यातून काहीच कळत नाही. माणसाच्या बाबतीतही हेच घडते. हॅशटॅगांची भिंत पाहिली की कॅप्शन न वाचताच पुढे जाण्याकडे कल असतो, आणि माप पाठवण्याची ओळ त्या भिंतीमागे राहते. प्रत्येक हॅशटॅग दाबता येतो, हेही विसरू नये. पाहणाऱ्याला आपल्या व्हिडिओवरून दुसऱ्यांच्या व्हिडिओंकडे नेणारे ते दार असते, आणि गरज नसताना अशी दारे वाढवण्यात दुकानदाराचा लाभ नाही.

सहावी पायरी : परिणाम कसा ओळखावा

व्हिडिओ टाकल्यावर लगेच हॅशटॅग बदलत बसू नये. आठवडाभर जाऊ द्यावा आणि मग आकडे पाहावेत. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खात्याच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर किती आणि इतर किती, हे पाहता येते. इतरांचे प्रमाण चांगले आहे पण सरासरी पाहण्याचा वेळ अगदी थोडा आहे, तर चुकीची माणसे येत आहेत किंवा व्हिडिओची सुरुवात कमजोर आहे. यांपैकी कोणते, हे प्रतिक्रियांवरून कळते. “कोणत्या गावात?”, “लहान मुलीची शिवता का?” असे प्रश्न येत असतील तर माणसे योग्य आहेत. नुसती हसरी चिन्हे आणि दुसऱ्या खात्यांच्या जाहिराती येत असतील तर हॅशटॅग पुन्हा तपासावेत. युट्यूब स्टुडिओत लोक कुठून आले याच्या यादीत शोध आणि हॅशटॅगची पाने वेगवेगळी दाखवलेली असतात, आणि शोधातून आलेल्यांनी कोणते शब्द टंकित केले होते तेही वाचता येते. ही शब्दांची यादी फार मोलाची आहे. पुढच्या व्हिडिओचे शीर्षक आणि हॅशटॅग तिच्यावरूनच ठरवावेत. हॅशटॅगांच्या पानांवरून आलेल्यांचा वाटा बहुधा अगदी छोटा दिसेल. तो पाहून आणखी हॅशटॅग लावण्याचा मोह होतो, पण तो छोटाच असायचा.

दोन व्हिडिओंची तुलना करताना मात्र सावध राहावे. एका व्हिडिओला चार आणि दुसऱ्याला एक हॅशटॅग लावून कोणता जास्त चालला हे पाहिल्याने फारसे सिद्ध होत नाही, कारण पहिले तीन सेकंद, आवाज, वार आणि सणाची जवळीक यांचा फरक हॅशटॅगांच्या फरकाहून मोठा असतो. हॅशटॅग बरोबर असून व्हिडिओ चालला नाही तर दोष बहुतेक वेळा व्हिडिओच्या सुरुवातीत सापडतो. आपल्या उदाहरणात पहिली आठ सेकंदे घडी घातलेली साडी उलगडण्यात गेली होती. तो भाग कापून नेसायला सुरुवात होते तिथूनच व्हिडिओ सुरू करणे, हा कोणत्याही पाचव्या हॅशटॅगपेक्षा चांगला उपाय ठरला असता.

राहता राहिली नोंदवहीतली जपून ठेवलेली यादी. प्रत्येक व्हिडिओला तीच चिकटवण्याची सवय मोडण्यासाठी ती पुसून टाकणेच बरे. पुढचा व्हिडिओ शाळेच्या गॅदरिंगसाठी सात वर्षांच्या मुलीच्या नऊवारीचा असेल, तर #NauvariSaree आणि #Vadodara तसेच राहतील, पण उरलेल्या दोन जागा मुलांच्या नऊवारीच्या शब्दांना द्याव्या लागतील, आणि त्या शब्दांची पाने पुन्हा एकदा उघडून पाहावी लागतील.